‘अँग्री ऑन मी’ का चुकतं? मराठीतला ‘वर’ आणि इंग्रजी प्रिपोझिशनचा घोळ

परवा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. नवी नोकरी, वरिष्ठ कशावरून तरी चिडलेले, आणि त्यांना इंग्रजीत मेसेज पाठवायचा होता. तिने मोबाइल पुढे केला. ‘सर, आर यू अँग्री ऑन मी?’ बाकी सगळं बरोबर होतं, एक ‘ऑन’ सोडून. मी विचारलं, “ऑन का घातलंस गं?” ती म्हणाली, “मॅडम, माझ्यावर रागावलेत ना, म्हणून.”

तिच्या उत्तरात चुकीचं अख्खं कारण आलं. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘मध्ये’ म्हणजे इन, ‘ला’ म्हणजे टू, ‘शी’ म्हणजे विथ, असा तक्ता आपण शाळेत पाठ करतो आणि आयुष्यभर त्यावर भरवसा ठेवतो. 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पदवी घेतलेली मुलं याच जागी अडखळतात. सरळसेवा भरतीच्या परीक्षांत तर यावर प्रश्न ठरलेला असतो. 2023 च्या तलाठी भरतीत इंग्रजीचे 25 प्रश्न होते, प्रत्येकाला 2 गुण. अशा परीक्षेत गुणवत्ता यादी एकेका गुणावर हलते, आणि ‘रिकामी जागा भरा’मध्ये हुशार मुलांचे गुण जाताना पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. कारण चूक अभ्यास न केल्याची नसते. मराठीवरून अंदाज बांधल्याची असते.

आधी शब्द समजून घेऊ

नामाचा वाक्यातल्या इतर शब्दांशी संबंध दाखवणारा इंग्रजीतला छोटा शब्द म्हणजे प्रिपोझिशन: ऑन, ॲट, इन, टू, विथ, फ्रॉम, फॉर, ऑफ, अबाउट वगैरे. (या लेखात ‘ऑफ’ म्हणजे एकच एफ असलेला, ‘चा-ची-चे’वाला ऑफ.) तो नामाच्या आधी येतो. मराठीत हेच काम नामाला मागून चिकटणारे शब्द करतात: ला, ने, शी, त, वर, पासून, पेक्षा. व्याकरणात यांतले काही विभक्तीचे प्रत्यय आणि काही शब्दयोगी अव्ययं आहेत, पण इथे सोयीसाठी सगळ्यांनाच प्रत्यय म्हणू.

जागेबद्दल बोलत असतो तोवर तक्ता बऱ्यापैकी चालतो. पुस्तक टेबलावर आहे, ऑन द टेबल. दूध फ्रिजमध्ये आहे, इन द फ्रिज. अडचण येते ती राग, विश्वास, हुशारी, फरक असल्या न दिसणाऱ्या गोष्टींपाशी. रागावलेला माणूस काही दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला नसतो. तिथे ‘वर’ हा जागेचा शब्द नाहीच. मराठीने ‘रागावणे’ या क्रियापदाला लावून दिलेला तो प्रत्यय आहे, आणि इंग्रजीने ‘अँग्री’ला दुसरा लावून दिला आहे: ‘अँग्री विथ मी’.

पण असं का? काही तर्क नको का?

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो, आणि त्याचं उत्तर आपल्या कानांना आधीच माहीत आहे. हिंदी बोलणारा एखादा शेजारी नव्याने मराठी शिकत असेल तर त्याचं बोलणं आठवून पाहा. तो म्हणतो, “मी कुत्र्यापासून घाबरतो.” “मी त्याच्याकडून विचारलं.” “उद्या माझ्याशी भेट.” आपल्याला लगेच खटकतं. आपण सांगतो, अरे, कुत्र्याला घाबरतो, त्याला विचारलं, उद्या मला भेट.

त्याची चूक कुठे झाली? हिंदीत ‘कुत्ते से डरना’, ‘उससे पूछना’, ‘मुझसे मिलना’, तिन्हीकडे ‘से’. तो बिचारा ‘से’चं मराठी शोधत बसला. आपण मात्र ‘से’चा विचारच केला नाही. ‘घाबरणे’ म्हटलं की ‘ला’, ‘भांडणे’ म्हटलं की ‘शी’, ‘रागावणे’ म्हटलं की ‘वर’, हे आपल्या जिभेवर आधीच आहे. ‘घाबरणे’ला ‘ला’च का, हे कुणी आपल्याला सांगितलं नाही आणि आपण विचारलंही नाही.

इंग्रजीतही हेच. प्रिपोझिशन ठरवतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीचा शब्द, म्हणजे क्रियापद किंवा विशेषण. म्हणून ‘वर’ला इंग्रजीत काय म्हणतात हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘अँग्री’ला काय लागतं, ‘गुड’ला काय लागतं, ‘डिफर’ला काय लागतं, हा बरोबर प्रश्न.

एकट्या ‘वर’चा पाठलाग

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी वर्गात फळ्यावर मधोमध ‘वर’ लिहिते आणि तो कुठे कुठे जातो ते मुलांकडूनच काढून घेते.

काही ठिकाणी तो नीट ‘ऑन’लाच पोचतो. माझ्यावर अवलंबून, डिपेंड ऑन मी. कपड्यांवर खर्च, स्पेंड ऑन क्लोद्स. अभ्यासावर लक्ष एकाग्र करणं, कॉन्सन्ट्रेट ऑन स्टडीज. तक्त्यावरचा विश्वास पक्का होतो तो अशा शब्दांमुळे.

मग येतं ‘माझ्यावर हसला’. इथे इंग्रजीत ‘लाफ्ड ॲट मी’. ‘माझ्यावर ओरडला’, ‘शाउटेड ॲट मी’. ‘माझ्यावर दगड फेकला’, ‘थ्रू अ स्टोन ॲट मी’. तिन्हीकडे ‘ॲट’ आला, आणि इथे एक चित्र खरोखर दिसतं. ‘ॲट’मध्ये नेम धरलेला असतो. क्रिकेटच्या मैदानावर पाहा. क्षेत्ररक्षक चेंडू यष्टिरक्षकाकडे देतो, म्हणजे त्याने तो झेलावा अशी इच्छा असते, तेव्हा ‘थ्रो द बॉल टू द कीपर’. तोच चेंडू स्टंपवर मारतो तेव्हा ‘थ्रो द बॉल ॲट द स्टंप्स’. ‘टू’ म्हणजे पोचवणं, ‘ॲट’ म्हणजे नेम. म्हणून ‘शाउट टू मी’ म्हणजे मी लांब उभी आहे, मला ऐकू यावं म्हणून हाक मारली. ‘शाउट ॲट मी’ म्हणजे माझ्यावर खेकसला. एका छोट्या शब्दाने प्रसंग पालटला.

पुढे ‘देवावर विश्वास’. ‘बिलीव्ह इन गॉड’. मराठीत विश्वास माणसावर टेकतो, इंग्रजीत तो आत ठेवला जातो. पण ‘माझ्यावर विश्वास ठेव’, म्हणजे मी सांगतेय ते खरं मान, एवढंच म्हणायचं असेल तर ‘बिलीव्ह मी’. मध्ये काही नाही. ‘ट्रस्ट मी’ला तर प्रिपोझिशन लागतच नाही, आणि ‘माझ्यावर प्रेम करतो’चं ‘लव्ह्ज मी’ सिनेमामुळे सगळ्यांना येतंच. तिथे ‘ऑन’ घालायला कुणी जात नाही, कारण ते वाक्य आपण ऐकून शिकलो, मराठीवरून बांधलं नाही.

म्हणजे एक ‘वर’ निघाला आणि ऑन, ॲट, इन, विथ अशी चार ठिकाणं झाली, आणि पाचव्या ठिकाणी तो गायबच झाला. ‘त’ किंवा ‘मध्ये’चंही तसंच. ‘गणितात रस’, ‘इंटरेस्टेड इन मॅथ्स’, इथे जुळतं. ‘गणितात हुशार’ म्हणताना ‘गुड ॲट मॅथ्स’. कौशल्याबद्दल बोलताना ‘गुड’, ‘बॅड’, ‘क्लेव्हर’, ‘ब्रिलियंट’ ही विशेषणं ‘ॲट’ घेतात. ‘गुड’पुढे ‘फॉर’ आला तर अर्थ हितकारक असा होतो. ‘मिल्क इज गुड फॉर यू’. ‘टू’ आला तर चांगलं वागणं. ‘शी वॉज गुड टू मी’.

‘शी’मुळे एक वेगळाच गोंधळ होतो. ‘डॉक्टरशी लग्न केलं’, म्हणून मुलं ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ लिहितात. हवं ‘मॅरीड टू अ डॉक्टर’. आणि ‘शी इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ असं वाक्य कुठे दिसलं तर दचकू नका. ते बरोबर आहे. तिचं लग्न झालंय आणि तिला दोन मुलं आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

‘चा-ची-चे’ सापडलं तर बरीच कामं होतात

मराठीचा उपयोगच नाही असं मात्र मुळीच नाही. एक जागा अशी आहे जिथे मराठी छान वाट दाखवते. मनातल्या भावनेचं वाक्य ‘चा-ची-चे’ लावून बोलून पाहा. मुलाचा अभिमान, प्राउड ऑफ. कुत्र्याची भीती, अफ्रेड ऑफ. गोडाची आवड, फाँड ऑफ. चुकीची लाज, अशेम्ड ऑफ. धोक्याची जाणीव, अवेअर ऑफ. यशाची खात्री, शुअर ऑफ. बहिणीचा हेवा, जेलस ऑफ. सगळीकडे ‘ऑफ’.

‘कुत्र्याला घाबरतो’वरून ‘अफ्रेड टू डॉग्ज’ लिहिणारी मुलगी ‘कुत्र्याची भीती वाटते’ असं मनात म्हणाली की ‘अफ्रेड ऑफ’वर आपोआप येते. ही युक्ती मी अनेक बॅचमध्ये वापरली आहे. पण तिची हद्दही सांगते. ‘माझा राग आला’ हेही मराठीत चालतं, आणि ‘अँग्री’ला ‘ऑफ’ लागत नाही. कंटाळ्याची तर दोन रूपं आहेत. ‘टायर्ड ऑफ’ युक्तीत बसतं, ‘बोअर्ड’ मात्र ‘विथ’ घेतो. म्हणून ही खूण अडलेल्या वेळी अंदाजासाठी. वेळ असेल तर शब्दकोश उघडावा.

‘डिस्कस अबाउट’ इतकं सर्रास का दिसतं?

चुकीचं प्रिपोझिशन घालण्याइतकीच, नको तिथे घालण्याची चूक आपल्याकडे होते. ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ हे मी वकिलांच्या, शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लिखाणात पाहिलं आहे. ‘डिस्कस’मध्ये चर्चा ‘बद्दल’सकट आलेली असते. ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम’, संपलं.

मग ‘अबाउट’ येतो कुठून? अर्थात, आपण ‘प्रश्नाबद्दल चर्चा केली’ म्हणतो. पण दुसरं कारण खुद्द इंग्रजीतच आहे. ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ लागतो. ‘वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’ अगदी बरोबर आहे. कानावर पडलेलं ते वाक्य आपण क्रियापदाला चिकटवतो. ‘रिक्वेस्ट’चं तेच. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हे नाम, म्हणून ‘फॉर’ आहे. ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’ हे क्रियापद, म्हणून नाही. हॉटेलात ‘वुई ऑर्डर्ड फॉर टू डोसाज’ नव्हे, ‘वुई ऑर्डर्ड टू डोसाज’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टू डोसाज’. शत्रूने किल्ल्यावर हल्ला केला, ‘अटॅक्ड द फोर्ट’, पण हल्ल्याबद्दल बोलताना ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’. पावसाचा पिकावर परिणाम झाला, ‘रेन अफेक्टेड द क्रॉप’, आणि नाम घेतलं की ‘हॅड ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप’.

नामाला हवं, क्रियापदाला नको, असं हे पाच-सहा शब्दांचं कुटुंब एकत्र पाठ करावं. सगळ्या शब्दांना हा नियम लावू नये. ‘डिपेंड’ क्रियापद असूनही ‘ऑन’ मागतोच.

मराठीमुळे नेमकी उलटी चूकही होते. ‘माझं ऐक’, ‘माझी वाट बघ’ यांत काही वेगळं लागत नाही असं वाटून ‘लिसन मी’, ‘वेट मी’ लिहिलं जातं. ‘लिसन टू मी’, ‘वेट फॉर मी’ हवं.

‘पेक्षा’ आणि लॅटिनचा वारसा

‘तो माझ्यापेक्षा सीनियर आहे’ हे वाक्य आपण मराठीतच रोज बोलतो, म्हणून ‘सीनियर दॅन मी’ अगदी स्वाभाविक वाटतं. पण ‘दॅन’ची सोबत असते ‘ओल्डर’, ‘टॉलर’, ‘मोअर’ अशा इंग्रजी घडणीच्या तुलनेशी. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आले. लॅटिनमध्ये ‘सीनियर’चाच अर्थ ‘अधिक वयाचा’ असा होता. इंग्रजीत हे ‘टू’बरोबर स्थिरावले. ‘ओल्डर दॅन मी’, पण ‘सीनियर टू मी’. ‘प्रिफर’ही लॅटिनमधूनच आलेला, म्हणून चहापेक्षा कॉफी आवडते हे ‘आय प्रिफर कॉफी टू टी’ असं होतं.

‘डिफर’ला दोन का?

इथवर आधीचा शब्द प्रिपोझिशन ठरवतो असं मी म्हणत आले. काही शब्द मात्र पुढे काय येतंय तेही पाहतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं म्हणायचं असेल तर ‘डिफर फ्रॉम’. ‘माय फोन डिफर्स फ्रॉम युअर्स’. माणसाशी मतभेद असेल तर ‘डिफर विथ’. ‘आय डिफर विथ यू ऑन दिस पॉइंट’. मराठीतही पहिल्यासाठी आपण ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ वापरतो आणि दुसऱ्यासाठी ‘शी’ वापरतो, त्यामुळे हे लक्षात ठेवायला सोपं जातं.

‘अँग्री’चंही असंच. माणूस पुढे आला की ‘विथ’, गोष्ट पुढे आली की ‘अबाउट’ किंवा ‘ॲट’. ‘शी वॉज अँग्री विथ मी अबाउट द डिले’. उशीर झाला म्हणून माझ्यावर रागावली. एका वाक्यात दोन्ही आले आणि दोन्ही आपापल्या जागी आहेत.

अमेरिकेत तर ‘अँग्री ॲट मी’ म्हणतात, मग?

म्हणतात, आणि ते चूक नाही. माणसासाठी ‘अँग्री ॲट’ अमेरिकन इंग्रजीत खूप चालतं. ‘डिफरंट’ या विशेषणाबद्दल तर इंग्रजांमध्येच जुना वाद आहे. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ब्रिटनमध्ये बोलताना ‘डिफरंट टू’ येतं आणि अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’. फक्त ‘फ्रॉम’च बरोबर हा आग्रह अंधश्रद्धा आहे, असं इंग्रजी वापराचे जाणकार हेन्री फाउलर यांनी 1926 सालीच लिहून ठेवलं. पण आपल्या परीक्षांमध्ये ‘विथ’ आणि ‘फ्रॉम’ हीच उत्तरं निर्धास्त आहेत. दोन्हीकडच्या वाचकांना ती खटकत नाहीत. क्रियापदाला, म्हणजे ‘डिफर’ला, मात्र दोन्ही देशांत ‘फ्रॉम’च. तिथे ‘दॅन’ कुठेच चालत नाही. आणि ‘अँग्री ऑन’ ना लंडनला चालतं ना न्यूयॉर्कला.

अर्थ कळतो ना, मग एवढा काथ्याकूट कशाला?

‘अँग्री ऑन मी’चा अर्थ कळतो, हे खरं आहे. आपल्या हिंदी शेजाऱ्याचं ‘कुत्र्यापासून घाबरतो’ही आपल्याला कळतं, आणि त्याला आपण नावं ठेवू नयेत. बोलताना थांबून प्रिपोझिशन शोधू नका, असंच मी मुलांना सांगते. पण ‘शाउट टू’ आणि ‘शाउट ॲट’, ‘डिफर फ्रॉम’ आणि ‘डिफर विथ’ इथे अर्थच बदलतो. शिवाय अर्ज वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतो.

शोधायचं कुठे?

साध्या इंग्रजी-मराठी कोशात ‘अँग्री’पुढे ‘रागावलेला’ एवढंच मिळतं. इंग्रजी परकी असलेल्यांसाठी बनवलेले कोश वेगळे असतात. ऑक्सफर्डचा ‘लर्नर्स’ कोश याच जातीचा. त्याची पहिली आवृत्ती ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना दोन सहकाऱ्यांबरोबर तयार केली आणि ती 1942 साली तिथेच निघाली. जपानी मुलांच्या अडचणी आपल्यासारख्याच होत्या. अशा कोशात प्रत्येक विशेषणाशेजारी त्याचं प्रिपोझिशन छापलेलं असतं, आणि माणसासाठी कोणतं, गोष्टीसाठी कोणतं, तेही असतं. वहीत लिहिताना नुसतं ‘गुड’ लिहू नका. ‘गुड ॲट ड्रॉइंग’ असं नामासकट लिहा. ‘ॲट’ सुटा पाठ केला तर परीक्षेत सुटाच आठवतो, कुणाचा ते आठवत नाही.

त्याच मुलीचा अर्ज

आठवड्याभराने ती मुलगी दुसऱ्या एका नोकरीचा अर्ज घेऊन आली. आम्ही तो ओळीओळीने पाहिला. ‘आय ॲम इंटरेस्टेड फॉर धिस पोस्ट.’ पदासाठी, म्हणून ‘फॉर’. मी विचारलं, रस कशात? “पदात.” तिनेच ‘इन’ केलं. ‘आय ॲम गुड इन अकाउंट्स.’ कौशल्य आहे, म्हणून ‘ॲट’. ‘आय वॉज सीनियर दॅन टू असिस्टंट्स.’ लॅटिनची गोष्ट तिला आठवली आणि ‘टू’ आला, पण मग वाचताना ‘सीनियर टू टू असिस्टंट्स’ असे दोन ‘टू’ लागोपाठ आले. व्याकरणाने ठीक, कानाला वाईट. शेवटी ‘टू असिस्टंट्स वर्क्ड अंडर मी’ असं सरळ लिहिलं. ‘आय रिक्वेस्ट फॉर ॲन इंटरव्ह्यू.’ क्रियापद आहे, म्हणून ‘फॉर’ खोडला.

शेवटची ओळ होती ‘वेटिंग युअर रिप्लाय’. “मॅडम, ‘वेटिंग फॉर’ ना?” तिने स्वतःच विचारलं. बरोबर होतं. मी तिला दुसरा पर्यायही दाखवला, ‘अवेटिंग युअर रिप्लाय’. ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो, ‘अवेट’ला काहीच लागत नाही. तिने दोन्ही मोठ्याने वाचले, थोडा विचार केला, आणि ‘वेटिंग फॉर’ ठेवलं.